एकशे चाळीस आणि एकशे वीस

यावल किंवा साक्री तालुक्यातल्या उपकेंद्रात गर्भवतीची साखर तपासायची, तर सामान एका ताटात मावतं: ग्लुकोजची पुडी, पाण्याचा तांब्या, पेला, ग्लुकोमीटर, पट्ट्यांची डबी आणि बोटाला टोचायची सुई. समोरच्या भिंतीवर घड्याळ हवं. बाई घरून भाकरी खाऊन आलेली असली तरी चालतं. शहरातल्या लॅबमध्ये ‘रात्रीपासून उपाशी या’ असं ऐकलेल्यांना हे विचित्र वाटतं. या चाचणीवर भारतात झालेला सगळा वादही ह्या भाकरीभोवतीच फिरतो.

ही पद्धत चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये ती राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत घेतली आणि २०१८ मध्ये त्या सूचना सुधारून पुन्हा काढल्या. कृती सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच ते दहा मिनिटांत पिऊन संपवायचं आणि दोन तासांनी साखर बघायची. १४० किंवा त्याहून जास्त आली, तर गरोदरपणातला मधुमेह. पहिली तपासणी नाव नोंदवायला बाई येते तेव्हाच करायची. ती ठीक आली तर दुसरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान. दोन्हींमध्ये निदान चार आठवडे जाऊ द्यायचे.

दुसरी तपासणी कशासाठी, हा प्रश्न घरातली मोठी माणसं हमखास विचारतात. ‘मागच्या वेळी नॉर्मल होती की!’ मागच्या वेळी वार लहान होती. वारेतून येणारी संप्रेरकं आईच्या शरीराला इन्सुलिनला दाद देऊ देत नाहीत. यात आजार असा काही नाही, बाळाकडे साखर जात राहावी म्हणून निसर्गानेच केलेली ही सोय. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून हा अडथळा वाढत जातो. बहुतेकींचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून तो भरून काढतं. काहींचं कमी पडतं. म्हणून दहाव्या आठवड्यात ११० आलेल्या बाईला सव्विसाव्या आठवड्यात १५० येऊ शकते, आणि दोन्ही आकडे खरे असतात.

खानदेशात ही दुसरी तपासणी निसटायला एक खास कारण आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटीभरण झालं की मुलगी चोपड्याहून शिरपूरला, पारोळ्याहून धुळ्याला जाते. २४ ते २८ आठवड्यांचा काळ नेमका त्या जाण्याच्या तोंडावर येतो. सासरच्या आशाताईंना वाटतं आता माहेरी होईल. माहेरच्या आशाताईंना वाटतं सासरी झालीच असेल. माता व बाल संरक्षण कार्डावर पहिल्या तपासणीचा आकडा असतो आणि दुसऱ्याची जागा कोरी राहते. अशी बाई २८ आठवडे उलटल्यावर आली, तरी ‘वेळ गेली’ म्हणून तिला परत पाठवायचं नसतं. आली त्याच दिवशी तपासणी करायची.

आता त्या भाकरीकडे येऊ. उपाशी बोलावण्यातली अडचण प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कळत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून एखादी बाई आधी पायी, मग रिक्षाने, मग एसटीने येते. पोटात बाळ, अंगात रक्त कमी आणि बाहेर एप्रिलचं जळगावचं ऊन. ‘उपाशी या’ म्हटलं की त्यातल्या बऱ्याच जणी येतच नाहीत, आणि येतात त्यांतल्या काही वाटेत चहा-बिस्कीट घेऊन ‘उपाशीच आहे’ म्हणतात. शेषय्यांच्या गटाचं म्हणणं असं, की जिचं इन्सुलिन पुरेसं आहे तिची साखर आधी खाल्लेलं असलं तरी दोन तासांत आटोक्यात येते. जिचं अपुरं आहे तिची येत नाही. त्यामुळे जेवणाची अट काढली तरी चालेल.

हे सगळ्यांना मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये उचललेल्या निकषांत बाई उपाशी हवी आणि रक्त तीनदा घ्यायचं: उपाशीपोटी ९२, एका तासाने १८०, दोन तासांनी १५३. यातला एक जरी आकडा गाठला तरी निदान पक्कं. चेन्नईतल्याच दुसऱ्या एका संशोधक गटाने दोन्ही पद्धती ताडून बघितल्या, तेव्हा न-उपाशी तपासणीतून बऱ्याच बायका सुटतात असं त्यांना दिसलं. सुटणाऱ्यांत मुख्यतः त्या असतात, ज्यांची फक्त उपाशीपोटीची साखर चढलेली असते. माझ्या मते दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे. पुण्या-मुंबईच्या रुग्णालयात, जिथे बाई पुन्हा बोलावता येते आणि लॅब खालच्या मजल्यावर आहे, तिथे तीन नमुन्यांची तपासणी करावी. उपकेंद्रात मात्र तुलना अचूक आणि कमी अचूक तपासणीची नसते, एका तपासणीची आणि काहीच न होण्याची असते.

मुळात ह्या सीमारेषा शरीरात कुठे आखलेल्या नाहीत. १९६४ साली बोस्टनमध्ये ओ’सलिव्हन आणि माहान यांनी पहिले आकडे ठरवले, ते बाळाला काय होईल यावरून नव्हे, तर कोणत्या आईला पुढे मधुमेह होईल यावरून. २००८ मध्ये नऊ देशांतल्या तेवीस हजारांहून अधिक गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतातलं एकही केंद्र नव्हतं. त्यात आढळलं की आईची साखर जसजशी वाढते तसतसा बाळ थोराड होण्याचा, सिझेरियनचा धोका वाढतच जातो. अमुक आकड्यापर्यंत सुरक्षित आणि पुढे धोका, असा टप्पाच सापडला नाही. रेघ मग तज्ज्ञांनी बसून मारली. म्हणूनच एकाच बाईला एका पद्धतीने मधुमेह आहे आणि दुसरीने नाही, असं होऊ शकतं.

असंच एक उदाहरण घेऊ. बाई काल्पनिक आहे, पण तिच्यासारख्या कुठल्याही ओपीडीत भेटतील. वय २४, रावेरकडचं गाव, घरी केळीची बाग, दुसरी खेप. दहाव्या आठवड्यात दोन तासांची साखर ११६. सव्विसाव्या आठवड्यात, एप्रिलच्या अखेरीस, ती सकाळी कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन अकराला उपकेंद्रात येते.

सिस्टर पुडी फोडतात. पुडी ७५ ग्रॅमची म्हणून आली असेल तर बरं. दुकानातल्या डब्यातून मोजायची वेळ आली तर सावध राहावं लागतं. चाचणीतले ७५ ग्रॅम हे कोरड्या ग्लुकोजचे आहेत. बाजारातल्या ग्लुकोज पावडरीत बहुधा पाण्याचा अंश बांधलेला असतो, तेव्हा तिची मात्रा ८२.५ ग्रॅम होते. ‘पाच मोठे चमचे’ हे माप नव्हे. चव इतकी गोड की मळमळतं. लिंबू पिळायला हरकत नाही. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा. अर्ध्या तासानंतर झाली तर घड्याळ तसंच चालू द्यायचं. दोन तास मोजायचे ते प्यायला सुरुवात केल्यापासून, आणि ते बसून काढायचे. बाजाराचा दिवस असेल तर हीच खरी अडचण. बाई ‘येते जाऊन’ म्हणते, तासभर उन्हात चालते, कुणीतरी चहा पाजतं, आणि आकडा कुणाचाच राहत नाही.

दोन तासांनी बोटातून रक्त. १४८.

हेच रक्त शिरेतून घेऊन तालुक्याच्या लॅबला पाठवलं असतं तर? काचेच्या नळीतसुद्धा रक्तपेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या खोलीच्या तापमानाला तासाला पाच ते सात टक्के साखर अशी कमी होते, आणि एप्रिल-मेमध्ये भुसावळकडे पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा वेग आणखी वाढतो. राखाडी टोपणाच्या नळीतलं फ्लोराइड हे थांबवतं खरं, पण त्याचा पुरता परिणाम व्हायला तास-दोन तास जातात. नळी मोटारसायकलच्या डिकीत दोन तास फिरली, तर १४८ चे १३० होऊन कार्डावर ‘नॉर्मल’ लिहिलं जाईल, आणि चूक कुठे झाली हे कुणाला कळणारही नाही. म्हणून उपकेंद्रात प्लाझ्माशी जुळवलेला ग्लुकोमीटर जागच्या जागी वापरायचा हा निर्णय शहाणपणाचा आहे. मात्र त्यालाही खोट आहे. पट्ट्यांची डबी उन्हात तापली किंवा उघडी राहिली की पट्ट्या बिघडतात, आणि बाईचं हिमोग्लोबिन फार कमी असेल तर ग्लुकोमीटर साखर थोडी जास्त दाखवतो. आपल्याकडे रक्तक्षय इतका, की हे ध्यानात ठेवावंच लागतं.

‘तीन महिन्यांची साखर’ म्हणजे एचबीएवनसी करून घ्या, असा सल्ला कुणीतरी देतंच. गरोदरपणात रक्तपेशी लवकर बदलतात, त्यामुळे ती खोटी कमी येते. लोहाची कमतरता असेल तर ती वर सरकते. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा वस्त्यांमध्ये सिकलसेल आढळतो, तिथे तर तिच्यावर विसंबता येत नाही. निदानासाठी ती सोडून द्यावी.

तर १४८. राष्ट्रीय सूचनांप्रमाणे मधुमेह. जागतिक निकषातला दोन तासांचा आकडा १५३, म्हणजे तिकडे, उपाशीपोटीची आणि तासाभराची साखर ठीक असेल तर, हिला सोडून दिलं असतं. आपण सोडत नाही, याला एक मराठी मुलखातलं कारणही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या मातांचा आणि बाळांचा पाठपुरावा केला. त्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा आठेकशे ग्रॅम कमी. पण घट झाली होती ती स्नायूंत आणि अवयवांत. चरबी त्या मानाने शाबूत होती. म्हणजे आपलं बाळ वजनात किरकोळ दिसूनही चरबीला पुढे असू शकतं. साडेचार किलोचं बाळ दिसेपर्यंत थांबायचं हा तिकडचा हिशोब इथे लागू करता येत नाही.

निदान झालं म्हणून लगेच इंजेक्शन नाही. आधी दोन आठवडे आहार. अपवाद एकच: तपासणीतच २०० च्या वर गेली असेल, तर आहाराची वाट न बघता इन्सुलिन सुरू करून वरच्या डॉक्टरांकडे पाठवतात.

आहाराचा कागद बहुतेक ठिकाणी छापील मिळतो आणि त्यात ओट्स, सफरचंद असतं. रावेरच्या बाईला त्याचा उपयोग शून्य. तिच्या घरचं ताट बघायला हवं. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद दळलेली, ही मैद्याच्या पावापेक्षा किंवा नुसत्या भातापेक्षा केव्हाही बरी. उडदाची प्रथिनं आणि साली साखर हळू चढू देतात. पण खानदेशातली भाकरी म्हणजे भाकरी असते! ताटभर, जाड, शंभर ग्रॅम पिठाची. तिच्यात साठ-सत्तर ग्रॅम कर्बोदकं येतात. ‘साखर सोडली, भाकरीच खाते’ म्हणत दोन भाकऱ्या एका बैठकीत गेल्या तर आकडा हलणार नाही. उपाय भाकरी बंद करण्याचा नाही, वाटून खाण्याचा आहे. दुपारी एक, संध्याकाळी एक, आणि मधल्या वेळी फुटाणे, शेंगदाणे, ताक, मटकीची उसळ. वांग्याचं भरीत हवं तेवढं, त्यातलं तेल तेवढं हात आखडून. शेवभाजीतली शेव ही भाजी नाही, बेसन आणि तळण आहे, एवढं लक्षात ठेवावं.

सकाळच्या खाण्याला जास्त जपायचं. पहाटे शरीरातली काही संप्रेरकं वर असतात आणि इन्सुलिन सर्वांत कमी चालतं ते न्याहारीच्या वेळी. त्याच वेळी आपल्याकडे साखरेचा चहा, टोस्ट आणि वर पोहे. जी बाई दुपारी एका भाकरीवर ११० राहते, तीच सकाळी एवढ्यावर १५० ला जाते.

केळीचं काय? बाग दारात, आणि ‘केळी बंद’ म्हटलं की सासूबाई डॉक्टरलाच वेड्यात काढतात. मध्यम केळ्यात वीस-पंचवीस ग्रॅम कर्बोदकं असतात. अर्धं केळं, जरा कमी पिकलेलं, मधल्या वेळी शेंगदाण्यांबरोबर खाल्लं तर बिघडत नाही. जेवणावर दोन पिकली केळी मात्र नाहीत. आखाजीला लेकी माहेरी येतात, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो. त्या दिवशी पूर्ण मनाई केली तर ती मोडलीच जाते. रस वाटीऐवजी चार चमचे, मांडा अर्धा आणि जेवणानंतर अंगणात पंधरा मिनिटं फेऱ्या, हे पाळलं जातं.

उलट्या बाजूची चूकही होते आणि ती वाईट. तपासणीच्या भीतीने बाई जेवणच तोडते. साखर छान दिसते, वजन मात्र वाढत नाही, लघवीत कीटोन उतरतात, बाळ अशक्त राहतं. साखर आटोक्यात आणि वजन थांबलेलं, असं कार्ड दिसलं तर शाबासकी न देता आधी ‘काल काय खाल्लं’ हे विचारावं.

दोन आठवडे झाले. आता मोजणी जेवणाची, ग्लुकोजच्या पाण्याची नाही. नेहमीचं जेवण करायचं, पहिल्या घासापासून दोन तास मोजायचे. इथे दुसरा आकडा येतो: १२०. त्याच्या खाली असेल तर आहार पुरला. तोच चालू ठेवून मधून मधून तपासत राहायचं. १२० किंवा वर असेल तर औषध. १४० ने ठरतं आजार आहे की नाही. इन्सुलिन लागणार की नाही ते १२० ने ठरतं. पहिल्या तपासणीत १७० आलेली बाई आहारावर ११५ ला येऊन सुटते आणि १४५ वाली अडकते, असं घडतं. पहिल्या आकड्यावरून भाकीत करू नये.

आपल्या बाईची दुपारची साखर १३२. डॉक्टर आधी विचारतात, आदल्या आठवड्यात आखाजी होती, त्याचा परिणाम तर नाही? ती सांगते: एक भाकरी, भरीत, ताक, गोड काही नाही. दोन दिवसांनी पुन्हा मोजतात, १२९. उपाशीपोटीची ८८, ती ९५ च्या खाली असल्याने ठीक. म्हणजे बाई नीट खातेय आणि तरीही तिचं इन्सुलिन जेवणानंतर अपुरं पडतंय. दोष तिच्या जिभेचा नाही हे घरच्यांसमोर सांगणं हा उपचाराचाच भाग आहे.

२०१८ च्या सूचनांत वीस आठवड्यांनंतर मेटफॉर्मिनच्या गोळ्यांचाही पर्याय आहे. गोळी सोपी, फ्रिज नको, सुई नको. पण ती वारेतून बाळापर्यंत पोचते, इन्सुलिन पोचत नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मोठ्या चाचणीत मेटफॉर्मिन घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या जणींना शेवटी इन्सुलिनची जोड द्यावी लागली. बाळांना त्या काळात वेगळा अपाय दिसला नाही. जिथे इन्सुलिन सांभाळणं खरंच शक्य नाही तिथे गोळी हा सन्माननीय मार्ग आहे. हिच्याकडे फ्रिज आहे, आशाताई शेजारच्या गल्लीत आहेत. डॉक्टर इन्सुलिन सुचवतात.

‘सुई नको वं माय, एकदा लागली की सुटत नाही,’ सासूबाई म्हणतात. त्यांच्या ओळखीतल्या ज्या म्हाताऱ्यांना सुई लागली त्यांची सुटली नाही, हे खरंच आहे. पण तो आजार वेगळा. इथे अडथळा वारेचा आहे, आणि वार पडली की तो त्याच दिवशी ओसरतो. बहुतेकींचं इन्सुलिन बाळंतपणाबरोबर बंद होतं.

सूचनांप्रमाणे सुरुवात ३०:७० मिश्र इन्सुलिनने, न्याहारीच्या अर्धा तास आधी, दिवसातून एकदा. जेवणानंतरची साखर १२० ते १६० असेल तर ४ युनिट, १६० ते २०० ला ६, त्यावर ८. यातला ३० टक्के भाग न्याहारी सांभाळतो आणि हळू चालणारा ७० टक्के भाग दुपारच्या जेवणाच्या सुमाराला जोरात येतो, म्हणून सकाळच्या सुईने दुपारची साखर उतरते. दर तिसऱ्या दिवशी मोजून दोन-दोन युनिटने मात्रा वाढवतात. हिचे ४ चे ६, मग ८ झाले आणि दुपारची साखर ११२ वर स्थिरावली. आहार सुटत नाही. सुई टोचून न्याहारी टाळणं तर धोक्याचंच. घाम, थरथर, एकदम भूक लागली तर साखर ७० च्या खाली गेली असं समजून तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं आणि मागोमाग काहीतरी खायचं.

घरी घात होतो तो सिरिंजमध्ये. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, मिलिलिटरला ४० युनिटच्या आणि १०० च्या. सिरिंजही त्याप्रमाणे वेगळ्या, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची केशरी. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १०० ची बाटली ओढून ४ च्या खुणेपर्यंत भरली, तर अंगात १० युनिट जातात. दुकानदाराने ‘हीच चालते’ म्हटलं तरी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एक असल्याशिवाय भरू नये. मिश्र इन्सुलिन दुधी असतं. तळहातांमध्ये हळू गोल फिरवून एकजीव करायचं, हिसळायचं नाही. बाटली फ्रिजच्या दारात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. फ्रिज नसेल किंवा वीज दिवसदिवस जात असेल, तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाण्याने भरलेल्या माठात ठेवतात. मे महिन्यात पत्र्याच्या घरात फळीवर ठेवलेलं इन्सुलिन काही दिवसांत निकामी होतं. आधी ११२ असलेली साखर त्याच मात्रेवर अचानक १५० दाखवू लागली, तर मात्रा वाढवण्याआधी बाटली कुठे ठेवली होती ते विचारावं.

आहारावर किंवा थोड्या इन्सुलिनवर साखर नीट राहिली, तर बाळंतपण केवळ मधुमेहासाठी ३९ आठवड्यांच्या आधी उरकायचं कारण नसतं. साखर ऐकत नसेल किंवा दिवसाला वीस युनिटहून जास्त लागत असेल, तर जिथे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सिझेरियनची सोय आहे तिथे, म्हणजे जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासारख्या ठिकाणी, आधीच जाऊन राहावं. जन्मल्यावर बाळाला तासाभरात अंगावर घ्यायचं आणि त्याची साखर तपासायची. आईकडून येणारी साखर नाळ कापताच बंद होते, पण बाळाचं स्वतःचं इन्सुलिन काही काळ जोरातच असतं, आणि त्याची साखर धपकन उतरू शकते.

सहा आठवड्यांनी आईची ७५ ग्रॅमची तपासणी पुन्हा होते, या वेळी उपाशीपोटी. उपाशीची १२६ किंवा दोन तासांची २०० अथवा त्यापुढे असेल तर मधुमेह मागे राहिला. दोन तासांची १४० ते १९९ असेल तर तो उंबऱ्यावर आहे. सहाव्या आठवड्यात बाळाची पहिली मोठी लस असते, तेव्हा बाई उपकेंद्रात येतेच. कार्डावर आधीच लिहून ठेवलं तर त्याच सकाळी आईचंही काम होतं.